बडोद्यात पेटी पलंग घ्यायचाय? आधी लाकूड ठरवा, मग दुकान

२०२४ च्या सप्टेंबरात माझी भाची आणि जावई पुण्याहून बडोद्याला राहायला आले. जावयाची नोकरी मकरपुऱ्याकडे, भाड्याचा फ्लॅट गोत्रीला, तिसऱ्या मजल्यावर. कपडे, भांडी, गाद्या सगळं बरोबर आणलं होतं, फक्त पलंग नव्हता. आल्याच्या चौथ्या दिवशी भाचीचा फोन आला. "मामा, होलसेलमध्ये साडेसतरा हजार सांगतात, ऑनलाईन सोळा हजाराला आहे आणि सोसायटीतला मिस्त्री एकोणतीस म्हणतोय. एकाच पलंगाचे तीन भाव कसे?"

तो पलंग एकच नव्हता, हेच त्याचं उत्तर होतं. तिन्ही ठिकाणी माप सारखं आणि फोटोतलं रूपही सारखं होतं, पण आतला माल वेगळा होता. बडोद्यात नव्याने येणारी बहुतेक मंडळी इथेच चुकतात, म्हणून त्या एका पेटी पलंगाची गोष्ट शेवटपर्यंत मांडतो. पेटी पलंग, म्हणजे खाली सामान ठेवायची खोकी असलेला. पलंगावर नीट समजलं की कपाट, टेबल, टीव्हीचं युनिट यांनाही तोच हिशेब लावता येतो.

पहिली पायरी: बोर्ड ओळखा

दुकानात जाण्याआधी तीन नावं डोक्यात पक्की असू द्या. पहिला पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा आणि चुरा गोंदात दाबून केलेला. ऑनलाईन दुकानांत 'इंजिनिअर्ड वूड' लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा हाच असतो, क्वचित एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड. दुसरा प्लायवूड, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवून केलेला. तिसरं सबंध लाकूड, म्हणजे साग, शिसम वगैरे.

पार्टिकल बोर्डाला दोन गोष्टी सोसत नाहीत, पाणी आणि दुसऱ्यांदा मारलेला स्क्रू. कडेतून पाणी शिरलं की तो पावासारखा फुगतो आणि वाळला तरी पुन्हा बसत नाही. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पहिल्यासारखा घट्ट धरत नाही, त्यामुळे घर बदलताना पलंग सोडवला की दुसऱ्या घरी तो हलायला लागतो. प्लाय दोन्ही सोसतो, पण किती सोसेल ते त्याच्या प्रतीवर असतं. त्याकडे पुढे येतोच.

बडोद्यात पाण्याचा मुद्दा नुसता पुस्तकी नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा नदीकाठच्या सोसायट्यांत तळमजल्याच्या घरांत दिवसेंदिवस पाणी होतं. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला फुगलेल्या कपाटांचे आणि पलंगांचे ढीग मी स्वतः पाहिले. त्यांत सागाची जुनी सेटी धुऊन परत घरात गेलेलीही पाहिली. तुमचं घर नदीजवळ आणि तळमजल्यावर असेल तर पार्टिकल बोर्डाचा पलंग घेऊच नका, भाव कितीही चांगला वाटू दे. भाचीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, म्हणून तिच्यासाठी हा प्रश्न खुला राहिला.

दुसरी पायरी: एक कागद तयार करा

तिन्हीकडे एकच कागद घेऊन जायचं. आमच्या कागदावर चारच ओळी होत्या. गादीचं माप ७८ बाय ६० इंच. पेटीची उंची १४ इंच, डोक्याकडची फळी ४० इंच. पलंग नट-बोल्टने सुटा होणारा हवा. सगळा १८ एमएमचा, आणि बोर्ड कोणता ते बिलावर लिहून हवं.

गादीचं माप सगळ्यात वर लिहायचं कारण सांगतो. बाजारात ७२, ७५ आणि ७८ इंच अशा तिन्ही लांबीच्या गाद्या मिळतात. मिस्त्री बोलताना "छ बाय पांच" म्हणतो, म्हणजे ७२ इंच. ऑनलाईनचा क्वीन पलंग बहुधा ७८ चा असतो. भाचीची गादी ७८ ची होती. मिस्त्रीच्या तोंडी मापावर पलंग केला असता तर गादी सहा इंच बाहेर लोंबली असती. गादी आधीच घरात असेल तर ती टेपने मोजा, लेबलावर विसंबू नका. नवी घ्यायची असेल तर आधी पलंग, मग गादी.

सुटा होण्याची अटही तितकीच महत्त्वाची आहे. मिस्त्रीला सांगितलं नाही तर तो खोलीतच फेविकॉल आणि खिळ्यांनी अखंड पेटी ठोकून देतो. ती ६२ इंच रुंद अखंड पेटी दारातून आणि जिन्यातून पुन्हा बाहेर काढणं फार अवघड जातं. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने ही ओळ विसरली तर घर सोडताना पलंग तोडायची वेळ येऊ शकते. माझ्या ओळखीत हे दोन घरांत झालंय.

तिसरी पायरी: होलसेलच्या गल्लीत

जुन्या शहरातल्या फर्निचरच्या गल्ल्यांत जवळजवळ प्रत्येक पाटीवर 'होलसेल भाव' लिहिलेलं असतं. खरा होलसेल म्हणजे दुकानदाराला दहा-वीस नग एकदम देणं. एका पलंगाच्या गिऱ्हाईकाला तो भाव मिळत नाही, मिळतो तो शोरूमपेक्षा कमी आणि होलसेलपेक्षा जास्त. त्यात गैर काहीच नाही, फक्त घासाघीस करताना तेवढं लक्षात असावं.

पहिल्या दुकानात साडेसतरा हजारांचा पलंग दाखवला. मी विचारलं, "प्लाय छे?" तो म्हणाला, "प्लाय ज छे, काका." मी वरचं झाकण उचललं, मोबाईलचा उजेड आत पाडला आणि बिजागरीजवळच्या भोकाकडे पाहिलं. प्लायच्या भोकात पापुद्र्यांच्या रेघा दिसतात. इथे चुरा दिसत होता. दुसरी जागा म्हणजे पलंगाचा पाया आणि भिंतीकडची बाजू, तिथे पट्टी चिकटवायचा कंटाळा केलेला असतो आणि कड उघडीच राहते. दुकानात दर्शनी बाजू पाहून घरी येऊ नका. पलंगाच्या मागे जाऊन, खाली वाकून पाहा.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट तपासावी लागत होती. पुरानंतर काही गोदामांतला भिजलेला माल वाळवून, पुसून, थोड्या कमी भावात विकला जात होता. पायांपासून चार-सहा इंचांवर आडवी फिकट रेघ, कडेची पट्टी सुटलेली, आत कुबट वास आणि पायाजवळ बोट फिरवलं की लागणारा फुगवटा, ही त्याची खूण. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर पुढचे दोन-तीन महिने पडेल भावाचा माल असाच हाताने चाचपून घ्या.

आता भाव. साडेसतरा हजार हा तोंडी भाव होता. लाकडी फर्निचरवर १८ टक्के जीएसटी आहे, तो जोडून २०,६५० झाले. गोत्रीपर्यंत छोट्या हत्तीचे ७०० आणि तीन मजले चढवायला दोन मजुरांचे ६००. घरात पडला तेव्हाचा खरा आकडा २१,९५०. बिल नको असेल तर टॅक्स सोडतो, असं दुकानदार हळूच सांगतो. मी ते घेऊ देत नाही. त्या कागदावर बोर्डाचं नाव नसतं आणि सहा महिन्यांनी तळ खचला तर तो पलंग त्याच दुकानातून घेतल्याचा पुरावाही हातात राहत नाही.

मग त्याच दुकानदाराला कागद दाखवून खऱ्या प्लायचा भाव विचारला. २४,००० अधिक टॅक्स, म्हणजे २८,३२०. भाडं आणि मजुरी धरून २९,६२०. हा आकडा लक्षात ठेवा.

मुदतीच्या बाबतीत मात्र होलसेलला तोड नाही. तयार नग दुसऱ्या दिवशी दारात येतो. रंग किंवा माप बदलायचं म्हटलं की तोच दुकानदार आठ-दहा दिवस सांगतो, कारण मग तोही कुणा मिस्त्रीकडूनच करून घेत असतो.

चौथी पायरी: ऑनलाईन

ऑनलाईनचा सोळा हजारांचा पलंग पार्टिकल बोर्डाचा होता. किंमत १५,९९९, त्यात टॅक्स धरलेला, घरपोच फुकट, जोडणीचे ४९९. एकूण १६,४९८. तोच माल, तेच माप होलसेलच्या गल्लीतून घरी येईपर्यंत २१,९५० ला पडत होता. म्हणजे पार्टिकल बोर्डच घ्यायचा ठरला असेल तर गल्लीत जायचं कारणच उरत नाही. कारखान्यात मशीनवर कापलेला, कडेची पट्टी गरम गोंदाने मशीननेच बसवलेला असा ऑनलाईनचा पार्टिकल बोर्ड गल्लीतल्यापेक्षा सुबकही असतो. ही गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींना पटायला वेळ लागतो. मलाही लागला.

पण प्लायचा पेटी पलंग ऑनलाईन शोधायला गेलो तर पर्याय अगदी थोडे होते. तिथून थेट उडी शिसमच्या पलंगावर, अडतीस हजारांच्या पुढे. असे पलंग बरेचदा जोधपूरच्या बाजूला तयार होतात आणि मागणी आल्यावर बनवतात, त्यामुळे पानावर तीन ते पाच आठवड्यांची मुदत लिहिलेली असते. ती मुदत खरी धरा आणि वर आठवडाभर जोडा.

जावयाने अभ्यासाचं टेबल ऑनलाईनच घेतलं आणि त्यात खऱ्या मुदतीचा अंदाज आला. पानावर 'चार दिवस' लिहिलं होतं. खोकी चौथ्या दिवशी आलीही, पण जोडणारा माणूस वेगळ्या एजन्सीचा, तो सातव्या दिवशी आला. पलंगासारख्या मोठ्या नगाची तीन-चार खोकी असतात आणि ती एकाच दिवशी येतील असं नाही. एक खोकं कमी असेल तर जोडणारा परत जातो आणि पुन्हा वेळ मिळवावी लागते. म्हणून खोकी मोजून, प्रत्येकावरचा नंबर बिलाशी ताडून मगच सही करा. उघडताना पहिल्या फटीपासून सलग व्हिडिओ काढा. जोडणी झाल्यावर बरेच विक्रेते माल परत घेत नाहीत, तेव्हा फुटलेली कड, वाकलेली फळी ही जोडणीआधीच दाखवायची. ऐकून घेतलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, तिथे ऑर्डर नंबर आणि व्हिडिओ तयार ठेवून बोला.

पाचवी पायरी: मिस्त्री

बडोद्यात सुतारकाम करणारे स्थानिक सुथार आहेत आणि राजस्थानातून येऊन इथे स्थिरावलेलेही पुष्कळ आहेत. काम दोन प्रकारे देता येतं. मालासकट, म्हणजे सगळं तो आणणार आणि एक आकडा सांगणार. किंवा मजुरीवर, म्हणजे माल तुम्ही आणायचा आणि हाताचे पैसे त्याला द्यायचे. नव्या माणसाला पहिला प्रकार सोपा वाटतो. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या कामाला तरी मजुरीवरच द्या. एक दिवस प्लायच्या दुकानात मोडेल, पण पलंगात काय गेलंय ते तुम्हाला ठाऊक असेल.

मिस्त्री म्हणाला, १८ एमएमच्या पाच शीट लागतील. एक शीट आठ बाय चार फूट, म्हणजे ९६ बाय ४८ इंच. भाचीने आणि मी चौकटीच्या वहीवर आखून पाहिलं. पहिल्या शीटमधून ७८ बाय ३० चं एक झाकण निघतं, उरलेल्या पट्टीतून मधली उभी फळी. दुसऱ्या शीटमधून दुसरं झाकण आणि पायाकडची फळी. तिसरीतून ८० इंची दोन्ही बाजू आणि डोक्याकडची आतली फळी. चौथीतून डोक्याकडची मोठी फळी, आणि उरलेल्या तुकड्यातून आडव्या फळीचे दोन भाग. चारमध्ये सगळं बसलं. मिस्त्रीला वही दाखवली, त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "बराबर छे." तो फसवत नव्हता. मिस्त्री अंदाजाने एक शीट जास्त सांगतात, कारण कमी पडली तर त्यांचा दिवस वाया जातो. पण वहीतल्या त्या अर्ध्या तासाने एका शीटचे २,७२० रुपये वाचले.

मग प्लायचं दुकान. घरातल्या कोरड्या खोलीसाठी एमआर म्हणजे ओलावा सोसणारा प्लाय चालतो. त्यावरचा बीडब्ल्यूआर, उकळत्या पाण्यालाही बऱ्यापैकी टिकणारा. हे दोन्ही आयएस ३०३ मध्ये येतात. सगळ्यात वरचा आयएस ७१०, म्हणजे मरीन. तो स्वयंपाकघराच्या सिंकखाली ठीक आहे, पलंगाला त्याची गरज नाही. आम्ही बाजूंना आणि झाकणांना बीडब्ल्यूआर घेतला, तळाला ६ एमएमचा साधा एमआर.

प्लायवर शिक्का असतो. त्यात आयएसआयची खूण, मानकाचा नंबर आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवान्याचा नंबर. हा नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की तो परवाना कुणाच्या नावावर आणि कशासाठी आहे ते दिसतं. शिक्क्यावरचं नाव आणि ॲपमधलं नाव एक असायला हवं. हे दुकानात उभं राहूनच करा. कुणी रागावत नाही, आणि रागावला तर दुकान बदला.

माल उतरला की परत पाहायचं. दुकानात दाखवलेली शीट वेगळी आणि टेम्पोतून उतरलेली वेगळी, असं होतं. आम्ही चार गोष्टी केल्या. प्रत्येक शीटवर शिक्का आहे का पाहिलं, फक्त वरच्या शीटवर नव्हे. चारही शीट एकावर एक रचून एकत्र जाडी मोजली, ती ७२ एमएमच्या आसपास भरायला हवी. एका शीटची एक-दीड एमएमची चोरी टेपवर कळत नाही, चारांची मिळून सहज कळते. कडेवर उजेड धरून पापुद्र्यांमध्ये पोकळ भेगा आहेत का ते पाहिलं. आणि कापणीतून उरलेला तीन इंची तुकडा पातेल्यात घालून चार तास उकळला. बीडब्ल्यूआरचे पापुद्रे एवढ्यात सुटू नयेत. आमचा सुटला नाही. सुटला असता तर उरलेला माल कापायच्या आधी दुकानदाराला फोन लावायचा होता.

हिशेब असा झाला. १८ एमएमच्या चार शीट, चौरस फुटाला ८५ रुपये, म्हणजे १०,८८०. तळाच्या ६ एमएमच्या दोन शीट २,४३२. बाहेरचं सनमायका दोन शीट २,८००. आतून आणि डोक्याकडच्या फळीच्या पाठीला लावायचं पातळ सनमायका चार शीट २,२००. फेविकॉल १,४००. बिजागऱ्या, नट-बोल्ट, स्क्रू, कडेच्या पट्ट्या १,६००. टेम्पो ५००. मजुरी ठरवून ७,५००. एकूण २९,३१२.

पाठीला सनमायका कशाला, ती तर भिंतीकडे जाते, असं भाचीने विचारलं. फळीच्या एकाच बाजूला सनमायका लावलं तर दोन्ही बाजू ओलाव्याला वेगवेगळ्या ताणतात आणि फळी धनुष्यासारखी वाकते. मिस्त्रीने हे वाचवतो म्हटलं तर वाचवू देऊ नका.

आता होलसेलच्या खऱ्या प्लायचा आकडा आठवा, २९,६२०. मिस्त्रीचा २९,३१२. फरक तीनशे रुपयांचा. म्हणजे प्लायच्या पलंगाला होलसेल स्वस्त आणि मिस्त्री महाग हा समज खोटा निघाला. माल एक केला की भाव जवळजवळ एक होतो. मग निवड दोनच गोष्टींवर उरते. माल डोळ्यांसमोर हवा की पलंग परवा हवा?

मुदत: बडोद्याचं पंचांग

मिस्त्रीने आठ दिवस सांगितले. काम श्राद्धपक्षात सुरू झालं. त्या पंधरवड्यात इथे नवी खरेदी मंदावते, मिस्त्री मोकळे असतात आणि मजुरीत थोडं ऐकतात. आपल्याकडेही त्या दिवसांत नवी वस्तू घरात आणत नाहीत, म्हणून आम्ही मिस्त्रीला त्याच्या वर्कशॉपमध्येच कापणी करायला लावलं आणि दसऱ्याला पलंग घरात घ्यायचं ठरवलं. हा मेळ मला फार चांगला वाटतो. काम स्वस्तात होतं आणि मुहूर्तही सांभाळला जातो.

पण मध्ये नवरात्र आलं. बडोद्याची नवरात्र ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, रात्री उशिरापर्यंत गरबा चालतो आणि मिस्त्रीपासून हाताखालच्या मुलापर्यंत सगळे सकाळी उशिरा येतात. अर्ध्या दिवसाचंच काम होतं. आठ दिवसांचे सोळा झाले. त्याने मुद्दाम रेंगाळवलं नाही. मीच मुदत धरताना नवरात्र मोजलं नव्हतं.

तेव्हा तारीख मागताना हे दिवस वजा करा. नवरात्राचे नऊ दिवस अर्धे धरा. दिवाळीत बरेच धंदे बंद होतात ते लाभपाचमेला उघडतात, आणि गावी गेलेले कारागीर त्याहूनही उशिरा परततात. १४ जानेवारीची उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण, या दोन दिवसांत शहर गच्चीवर असतं. होळीला राजस्थानचे मिस्त्री गावी जातात, तेव्हा पुढचा-मागचा आठवडा सोडा. ऑनलाईनवाल्यांच्या गोदामाला हे सण लागत नाहीत, पण दारात येणारा आणि जोडणारा माणूस बडोद्याचाच असतो.

साग हवा असेल तर

स्वतःचं घर असेल आणि पलंग आयुष्यभरासाठी हवा असेल तर सागाकडे वळा. तेव्हा मात्र ऑनलाईन आणि तयार नगांची गल्ली दोन्ही सोडा, मिस्त्रीच हवा. गुजरातेत आयातीचा साग मोठ्या प्रमाणावर कांडला बंदरातून येतो आणि गांधीधामच्या वखारींतून इकडे पसरतो. भाव घनफुटावर असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. साडेसहा फूट लांब, ६ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे ०.४१ घनफूट. वखारीत प्रत्येक फळीचं हे गणित स्वतः लिहून घ्या आणि त्यांच्या चिठ्ठीशी ताडून पाहा. फळीच्या कडेचा पांढरट भाग म्हणजे कच्चं लाकूड, कीड तिथेच लागते. तो तपकिरी भागाच्या भावात घेऊ नका.

हिंडोळा किंवा बैठकीच्या सोफ्याचा विचार असेल तर संखेड्याला एकदा जाऊन या. बडोद्याहून डभोईच्या रस्त्याने साधारण दीड तास. तिथले खरादी-सुथार सागाचे खांब खरादावर, म्हणजे कातयंत्रावर, उतरवून लाखेचं रंगकाम करतात. भौगोलिक मानांकन मिळालेलं ते काम आहे. पण संखेड्याचं सौंदर्य खरादी कामात आहे, सपाट फळ्यांच्या पेटीत नाही. पेटी पलंग तिथून करून घ्यायचा हट्ट धरू नका.

पैसे आणि ताबा

आमचे मजुरीचे ७,५०० तीन भागांत ठरले. कापणी सुरू झाल्यावर २,०००, पेटी उभी राहिल्यावर ३,०००, आणि घरात जोडून झाल्यावर २,५००. माल आमचाच होता, त्यामुळे मोठी आगाऊ रक्कम द्यायचा प्रश्न नव्हता. मालासकट काम देत असाल तर तो निम्मे आगाऊ मागेल. तेव्हा पैसे मिस्त्रीच्या हातात न देता थेट प्लायवाल्याच्या पक्क्या बिलावर भरा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पलंग गोत्रीला आला. मिस्त्रीने चारही कोपऱ्यांचे बोल्ट आवळले. मी त्याला ते पुन्हा सगळे सोडवून परत जोडायला लावलं, भाचीच्या देखत. तिला कोणती फळी कुठे जाते ते कळलं आणि तिने आतल्या बाजूने पेन्सिलीने १, २, ३, ४ आकडे घातले. मग झाकणं दोन्ही बाजूंनी उघडून पाहिली. एक झाकण मधल्या फळीला घासत होतं. मिस्त्रीने रंधा काढून पाच मिनिटांत ते उतरवलं. शेवटचे अडीच हजार त्यानंतर दिले.